गोल लाल चट्टा: गजकर्ण की दुसरंच काही, हे कडेवरून कसं ओळखायचं

कमरेवर, जांघेत, काखेत किंवा पोटावर एखादा लालसर गोल चट्टा उठतो. खाज सुटते, घाम आला की जास्तच. आठ-दहा दिवसांत चट्टा पसरतो आणि पसरता पसरता त्याचा मधला भाग साफ होत जातो. कड मात्र लाल आणि जराशी उंच राहते. घरातल्या मोठ्या माणसांना दाखवलं तर ती लांबूनच सांगतात, "गजकर्ण आहे, नायटा." बहुतेक वेळा त्यांचं बरोबरही असतं. पण त्यानंतर जे होतं ते मात्र फार वेळा चुकतं. कुणीतरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून एक ट्यूब आणतं, दोन दिवसांत खाज थांबते, आणि तिथून पुढे तो आजार ओळखणं आणि बरा करणं दोन्ही अवघड होऊन बसतं.

मी त्वचारोगाची डॉक्टर आहे आणि सोलापुरात काम करते. इथे मार्चच्या शेवटापासून ऊन चाळिशीकडे सरकतं, यंत्रमागाच्या शेडमध्ये तर हवा हलत नाही, आणि अंगावर दिवसभर घाम मुरलेला असतो. असे चट्टे मी रोज बघते. या लेखात मला एकच गोष्ट नीट समजावून सांगायची आहे: या चट्ट्याची कड काय सांगते, आणि ती सांगत असताना तिच्यावर चुकीचं मलम फासलं तर काय होतं.

मधला भाग साफ का होतो

गजकर्ण म्हणजे त्वचेवरची बुरशी. किडा नाही, जंत नाही, रक्त बिघडलेलं नाही. ही बुरशी केरॅटिन नावाच्या प्रथिनावर जगते. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा मेलेला थर, केस आणि नखं याच प्रथिनाची बनलेली असतात. म्हणून ती वरच्या थरातच राहते, सहसा आत जिवंत भागात शिरत नाही. एका ठिकाणी रुजली की तिचे धागे चारी बाजूंनी सारख्याच वेगाने बाहेर पसरतात, आणि म्हणून आकार गोल येतो.

आता मधला भाग. बुरशी जिथे आधी पोचली तिथे शरीराची प्रतिकारशक्ती जागी होते. त्वचा लाल होते, वरचा थर भराभर सुटू लागतो आणि त्या पापुद्र्यांबरोबर बुरशीही झडून जाते. वाळल्या गवताला लागलेली आग जशी मधलं जाळून कडेकडेने पुढे सरकते, तसंच हे. जाळ असतो तो कडेला. गजकर्णातही जिवंत, वाढती बुरशी कडेवर असते आणि शरीराची तिच्याशी झटापटही कडेवरच चाललेली असते. म्हणून कड लाल, उंच, खाजरी आणि पापुद्रे सुटलेली दिसते, तर मधली त्वचा जवळपास नेहमीसारखी किंवा किंचित तपकिरी.

म्हणून चट्टा बघताना मधे बघू नका, कड बघा. दिवसा खिडकीजवळ उभे राहा, उजेड बाजूने पडू द्या आणि चट्ट्याच्या दोन बाजूंची त्वचा बोटांनी हलकी ताणा. गजकर्णाच्या कडेवर बारीक पांढुरका कोंडा दिसतो, नखाने अलगद खरवडलं तर तो सुटतो. कडेवर मधूनमधून मोहरीएवढे किंवा त्याहून बारीक लाल ठिपके, क्वचित पाण्याचे किंवा पुवाचे फोडही असतात. कड सलग नसते, कुठे तुटलेली, कुठे दोन गोल एकमेकांत मिसळून नागमोडी झालेली असते. शंका असेल तर बॉलपेनने कडेच्या बाहेरून रेघ मारून ठेवा आणि पुसट झाली की त्याच जागी परत ओढा. काही दिवसांत कड रेघेच्या बाहेर गेली तर चट्टा वाढतोय. आणि दुसऱ्याच दिवशी तो गोल रेघेतून गायब होऊन दुसरीकडे उठला असेल, तर ते गजकर्ण नव्हे. ते पित्त उठलंय, कारण पित्ताचा एकेक गोल सहसा २४ तासांत मावळतो आणि त्यावर पापुद्रा सुटत नाही.

ट्यूबनंतर काय होतं

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात काम करणारा एक पस्तिशीचा गडी आला होता. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगते. त्याने शर्ट वर केला तेव्हा पट्ट्याच्या रेषेत, डाव्या कुशीपासून बेंबीपर्यंत चट्टा पसरलेला होता. कमरेला काळा करदोडा, त्यावर जीन्सचा घट्ट पट्टा.

"लई खाजतंय ओ मॅडम. ट्यूब लावली की जातंय, सोडली की परत येतंय बघा."

सुरुवात होळीच्या सुमाराला झाली होती. रुपयाच्या नाण्याएवढा गोल, मधे साफ, कडेला लाल. त्याच्या मेव्हण्याने आपल्याकडची अर्धी वापरलेली ट्यूब दिली. तिसऱ्या दिवशी खाज बंद, आठवड्यात लाली गेली. त्याने ट्यूब थांबवली. पंधरा दिवस झाले नाहीत तोच चट्टा परत उठला, या वेळी तळहाताएवढा. परत ट्यूब, परत आराम, परत उद्रेक. असं तीनदा झालं. माझ्याकडे आला तेव्हा मूळचा सुबक गोल उरलाच नव्हता. मोठ्या गोलात दुसरा गोल, त्याच्या आत तिसऱ्याचा तुकडा, कड पुसट, पापुद्रा जवळपास नाहीच. जांघेत त्वचा पातळ होऊन जांभळट रेघा पडल्या होत्या, पोट सुटल्यावर पडतात तशा. लाली ओसरली तरी त्या रेघा कायमच्या राहतात.

खिशातून त्याने ती ट्यूब काढली. मी त्याला तिच्यावरची बारीक अक्षरं वाचून दाखवली. त्यात बुरशीचं एक औषध होतं, जंतूंची दोन औषधं होती, आणि चौथं होतं क्लोबेटासॉल प्रोपिओनेट. हे स्टेरॉइड आहे, आणि त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडमध्ये सगळ्यात तीव्र गटातलं.

स्टेरॉइड काय करतं? ते बुरशीला मारत नाही. ते शरीराची झटापट थांबवतं. लाली आणि खाज ही त्या झटापटीचीच लक्षणं, त्यामुळे दोन्ही झपाट्याने जातात आणि माणसाला वाटतं औषध लागू पडलं. इकडे बुरशीला अडवणारं कुणी उरत नाही. ती निवांत पसरते, जो भाग साफ झाला होता तिथेही परत रुजते, म्हणून गोलात गोल तयार होतात. केसांच्या मुळांतही उतरते, आणि तिथे वरून लावलेलं मलम नीट पोचत नाही. ट्यूबमध्ये बुरशीचं औषध असतं खरं, पण माणूस ट्यूब लावतो खाज थांबेपर्यंत, आणि खाज स्टेरॉइडमुळे तीन दिवसांत थांबते. बुरशी मरायला आठवडे लागतात. हा हिशोब कधी जुळतच नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी या ट्यूबची वाटते. बुरशीची नाही. बुरशी बरी होते. पण स्टेरॉइडने चट्ट्याचा चेहराच बदलला की नवख्या डॉक्टरलाही तो इसब वाटतो किंवा सोरायसिस वाटतो, आणि मग आणखी स्टेरॉइड लिहून दिलं जातं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने बरीच स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरी ती एका घरातून दुसऱ्या घरात जात राहतात.

त्यामुळे ट्यूब घेताना मागच्या बाजूचा मजकूर वाचाच. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काहीही दिसलं तर त्यात स्टेरॉइड आहे. त्यांच्या मागे बऱ्याचदा प्रोपिओनेट, डायप्रोपिओनेट, व्हॅलरेट किंवा फ्युरोएट असा शब्द जोडलेला असतो. याउलट क्लोट्रिमॅझोल, लुलिकोनॅझोल, केटोकोनॅझोल, सर्टाकोनॅझोल ही बुरशीची औषधं. सोन, सॉल, लोन आणि झोल हा शेवटच्या अक्षरांतला फरक डोळ्यांत बसवला तर बरंच नुकसान टळतं. नावाला एक आणि आत चार औषधं असलेली ट्यूब असेल तर ती गजकर्णावर लावूच नका.

खात्री कशी करतात

डोळ्यांनी अंदाज येतो. खात्री मात्र सूक्ष्मदर्शकाखाली होते, आणि ही तपासणी अगदी साधी आहे. कडेची त्वचा स्पिरिटने पुसायची, बोथट पात्याने कडेवरचा कोंडा काचपट्टीवर खरवडून घ्यायचा. दुखत नाही, रक्त येत नाही. त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब टाकून वर पातळ काच ठेवायची आणि दहा-वीस मिनिटं थांबायचं. त्या द्रावणात त्वचेच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात, बुरशीचे धागे मात्र टिकतात. मग भिंगाखाली ते दिसतात: लांब, फांद्या फुटलेले, मधे मधे आडव्या भिंती असलेले धागे. या तपासणीला केओएच म्हणतात. त्वचारोगतज्ज्ञाकडे किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या त्वचा विभागात ती करून मिळते.

दोन गोष्टी इथे फसवतात. पहिली, कोंडा मधून घेतला तर बुरशी सापडत नाही, कारण ती कडेला असते. दुसरी, त्या सकाळी किंवा त्या आठवड्यात बुरशीचं मलम लावलेलं असेल तर चट्टा गजकर्णाचा असूनही तपासणी कोरी येऊ शकते. आमच्या त्या गड्याचं तसंच झालं. त्याने येण्याआधी रात्री ट्यूब लावली होती. कडेवरून तीन ठिकाणचा कोंडा घेतला, काहीच दिसलं नाही.

मी विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे का?"

"मंडळींना काखेत जरा हाय. तिनं अजून काय लावलं नाय."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. काखेत एकच चट्टा, कुठलंही मलम न लागलेला, कड लाल, कोंडा भरपूर. पुस्तकात छापावा असा गोल. एका खरवडीत भिंगाखाली धाग्यांचं जाळं दिसलं. नवरा-बायको एकच टॉवेल वापरत होते. त्यांच्या काखेतल्या चट्ट्याने त्याच्या कमरेवरच्या चट्ट्याचं निदान पक्कं केलं. त्यालाही मी आठवडाभर काही न लावता परत बोलावलं. त्या आठवड्यात खाज आणि लाली वाढेल हे आधीच सांगून ठेवलं, कारण स्टेरॉइड सोडलं की तसं होतंच आणि त्याला घाबरून लोक परत ट्यूबकडे वळतात. आठवड्यानंतर त्याच्या कडेवरही कोंडा आला आणि तपासणीत बुरशी सापडली.

म्हणून डॉक्टरकडे जायचं असेल तर जमल्यास आधीचे काही दिवस चट्ट्यावर काही लावू नका, आणि आतापर्यंत जे लावलं त्या सगळ्या ट्यूब, पाला, पावडर पिशवीत घालून घेऊन या. चट्टा सुरुवातीला कसा होता त्याचा मोबाइलमध्ये फोटो असेल तर तोही दाखवा. औषध लागण्याआधीचा फोटो निदानाला फार उपयोगी पडतो.

गोल असूनही गजकर्ण नसतो तेव्हा

गोल दिसणारे आजार बरेच आहेत. सगळे सांगत बसले तर गोंधळ वाढेल. आपल्याकडे ज्यांची खरोखर गफलत होते तेवढेच सांगते.

सगळ्यात जास्त गफलत होते ती नाण्यासारख्या इसबाशी. त्याच कारखान्यातले एक वयस्कर काका गड्याबरोबर आले होते. "मला पण तेच झालंय" म्हणत त्यांनी धोतर वर करून नडगी दाखवली. चट्टा गोल होता, खाज प्रचंड होती. पण मधला भाग साफ नव्हता. सगळा चट्टा सारखाच जाड, मधेच ओलसर, पिवळट खपली धरलेला. भोवतालची नडगीची त्वचा कोरडी, भेगाळलेली. दोन महिने ते गजकर्णाचं मलम लावत होते, फरक शून्य. केओएच कोरी आली. हा इसब होता, आणि त्याला मात्र स्टेरॉइड मलमच लागतं, ठराविक दिवस आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली, सोबत खोबरेल किंवा पेट्रोलियम जेलीसारखं काहीतरी भरपूर. एकाचं औषध दुसऱ्याला मारक ठरतं ते असं. म्हणूनच "त्याला लागू पडली ती ट्यूब मलाही द्या" हे या आजारात चालत नाही.

दुसरा फसवा प्रकार तरुण मुलामुलींमध्ये दिसतो. छातीवर किंवा पाठीवर एकच मोठा लांबट गोल चट्टा येतो, कडेला कोंडा असतो, म्हणून सगळे गजकर्ण समजतात. आठवडा-दोन आठवड्यांनी अंगभर तसेच छोटे लांबट चट्टे उठतात. पाठीवर ते फासळ्यांच्या दिशेने तिरके मांडलेले दिसतात. नीट बघितलं तर यातला पापुद्रा कडेच्या थोडा आत, गळपट्टीसारखा गोल सुटलेला असतो. याला पिटिरियासिस रोझिया म्हणतात. सहसा सहा ते आठ आठवड्यांत तो आपोआप जातो.

हाताच्या किंवा पायाच्या मागच्या बाजूला गोल, घट्ट, गुळगुळीत कड असलेलं कडं असेल, त्यावर कोंडा अजिबात नसेल आणि खाजही नसेल, तर तो ग्रॅन्युलोमा अॅन्युलेर असू शकतो. तो बुरशीचा नाही, संसर्गाचाही नाही. कोंडा नाही, ही त्याची खूण.

आणि एक आजार असा आहे की तो चुकला तर माणसाचं कायमचं नुकसान होतं. कुष्ठरोगातही कडेला उठाव आणि मधे साफ असे गोल चट्टे येतात. पण त्यात खाज नसते, आणि चट्ट्यावर संवेदना कमी असते. तिथे घाम येत नाही, केस विरळ होतात, त्वचा कोरडी वाटते. घरी करता येईल अशी चाचणी आहे. माणसाला डोळे मिटायला सांगा, कापसाची वात करून तिच्या टोकाने चांगल्या त्वचेला अलगद स्पर्श करा, मग चट्ट्यावर करा. प्रत्येक वेळी स्पर्श कुठे झाला ते त्याने बोट ठेवून दाखवायचं. चट्ट्यावरचा स्पर्श कळत नसेल किंवा बोट भलतीकडे जात असेल, तर मलम शोधत बसू नका, सरळ जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. तिथे तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहे, आणि प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्यांनी हा आजार पूर्ण बरा होतो. कापसाची चाचणी बरोबर आली म्हणून मात्र कुष्ठरोग नाहीच असं धरू नका. चेहऱ्यावरच्या चट्ट्यांवर संवेदना बऱ्याचदा शाबूत राहते.

इंटरनेटवर गोल चट्ट्याचा फोटो शोधला की लाइम नावाचा आजार समोर येतो आणि लोक घाबरतात. तो गोचिडीच्या चाव्यातून होणारा आजार आहे आणि त्याचं घर मुख्यतः अमेरिका आणि युरोपातलं. सोलापुरातल्या कमरेवरच्या खाजऱ्या, कोंडा सुटणाऱ्या कड्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

इलाज आणि घर

एकदोनच चट्टे असतील, स्टेरॉइड लागलेलं नसेल, तर झोल गटातलं साधं मलम पुरेसं होतं. पण लावायची पद्धत महत्त्वाची. लोक मधे लावतात, बुरशी असते कडेवर आणि कडेच्या बाहेरही, अजून डोळ्यांना न दिसणारी. म्हणून कडेच्या बाहेर दोन सेंटिमीटर, म्हणजे साधारण एका बोटाच्या रुंदीइतकं लांबून सुरुवात करायची आणि बाहेरून आत यायचं. प्रमाण कळण्यासाठी: तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली एक रेघ मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. चट्टा दिसेनासा झाला की थांबायचं नाही, त्यानंतरही किमान दोन आठवडे लावत राहायचं. कडेबाहेरच्या बुरशीसाठीच हे दोन आठवडे.

चट्टे जास्त असतील, जांघेत किंवा कमरेभोवती पट्टा झाला असेल किंवा आधी स्टेरॉइड लागलं असेल, तर पोटातून गोळी घ्यावी लागते. पूर्वी टर्बिनाफिनने हमखास गुण यायचा. आता आपल्या देशात बुरशीचा जो प्रकार सर्वत्र पसरलाय त्याला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव मिळालं. त्यातल्या बऱ्याच बुरशींमध्ये ज्या ठिकाणी हे औषध घाव घालतं तो भागच बदललेला आहे, त्यामुळे औषध लागू पडत नाही. म्हणून हल्ली इट्राकोनॅझोल जास्त द्यावं लागतं, आणि तेही आठवडे, कधी महिने. ही कॅप्सूल पोटभर जेवणानंतर घ्यायची. ॲसिडिटीच्या गोळीबरोबर घेतली तर ती नीट शोषली जात नाही, आणि मग औषधाला दोष दिला जातो. हृदय कमकुवत असलेल्यांना ती चालत नाही, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर धोका असतो, गरोदरपणात टाळतात, जास्त दिवस घ्यायची असेल तर यकृताची तपासणी करतात. या कारणांसाठी ती स्वतःच्या मनाने घेऊ नये.

औषध चालू असताना घर तसंच राहिलं तर आजार फिरत राहतो. त्या गड्याला मी पहिल्यांदा करदोडा कापायला सांगितलं. तो जरा थबकला. मी म्हटलं, "बरं झालं की नवा बांधा, पण हा घामाने ओला राहतो आणि बुरशी याच्यातच मुरून बसलीय." तसंच ताईत, गंडा, घट्ट पट्टा, जाड जीन्स. शिफ्टवरून आल्यावर आंघोळ करून अंग, विशेषतः जांघ आणि काख, पूर्ण कोरडं करायचं, मग औषध.

कपड्यांचा प्रश्न आपल्याकडे वेगळा आहे. नळाला रोज पाणी येत नाही तिथे "रोज सगळे कपडे गरम पाण्यात धुवा" हे सांगून उपयोग नाही. पण टॉवेल, बनियन आणि चड्डी एवढ्यापुरती वेगळी बादली ठेवा. चटका बसेल इतक्या, साधारण ६० अंशांच्या गरम पाण्यात ते अर्धा तास भिजवा, मग धुऊन उलटे करून थेट उन्हात वाळत घाला. सोलापूरचं ऊन या कामी मोठी मदत आहे, घरात दोरीवर वाळवलेली चड्डी मात्र दमट राहते. शिवणींवरून इस्त्री फिरवता आली तर उत्तम. माणशी टॉवेल वेगळा. आणि घरात ज्याला ज्याला चट्टा आहे त्या सगळ्यांचा इलाज एकाच वेळी. त्या गड्याच्या मुलीच्या गालावरही छोटासा गोल निघाला, तो आईने नुसतं उन्हाने झालंय म्हणून सोडून दिला होता. तिघांचं औषध एकाच दिवशी सुरू केलं.

लिंबू, लसूण, चुना घासून चट्टा जाळायचा प्रयत्न करणारेही येतात. त्याने बुरशी जात नाही, वरची त्वचा भाजते, कड कळेनाशी होते आणि डागही राहतो.

त्या कुटुंबात मुलगी आणि आई दीड महिन्यात बऱ्या झाल्या. गड्याला तीन महिने लागले. शेवटच्या भेटीत त्याने कमरेवरचा काळपट पट्टा दाखवून विचारलं, "हे अजून हाय की ओ मॅडम, औषध चालूच ठेवू?" कडेवरून बोट फिरवलं तर उंचवटा नव्हता, ताणून बघितलं तर कोंडा नव्हता, खाजही नव्हती. आजार गेल्यावर मागे राहिलेला हा डाग काही महिन्यांत आपोआप फिका होतो. त्याला मलम लागत नाही, आणि गोरं करणारी क्रीम तर नाहीच, कारण तशा काही क्रीममध्ये तेच स्टेरॉइड असतं. डागावर पुन्हा कोंडा सुटला, कड उचलून आली किंवा खाज परतली, तरच यायचं, आणि येताना मधे काही न लावता.